अनुभव धागा : साडेतीन महिन्यांचा डोस आणि त्यानंतरची रात्र

मीठभाकर, अंबाजोगाई
परवा लेकीचा साडेतीन महिन्यांचा डोस झाला. सगळे 'साडेतीन महिने, साडेतीन महिने' म्हणतात म्हणून मी महिने मोजत बसले. कार्ड नीट उघडून पाहिलं तर तिथं 14 आठवडे. म्हणजे 98 दिवस. मी गेले 106 व्या दिवशी! सिस्टर हसल्या, म्हणाल्या काही बिघडलं नाही. दोन्ही मांड्यांत एक-एक सुई, उजव्या दंडावर एक छोटीशी, शिवाय तोंडातून पोलिओ आणि रोटा. संध्याकाळी सहापासून जे रडणं सुरू झालं ते रात्री दोनपर्यंत. डावी मांडी कडक, हात लावू देईना. तुम्ही कार्ड कसं वाचता आणि ही रात्र कशी काढली, ते लिहा. पुस्तकी नको, घरचं लिहा.

निवृत्त सिस्टर, जालना जिल्हा
उपकेंद्रात 30 वर्षं काढली, म्हणून दोन गोष्टी सांगते. कार्डावरची रांग हे सगळ्यात लवकरचं वय असतं. 6 आठवड्यांच्या आत पेंटा देत नाहीत, आणि दोन डोसांत निदान 4 आठवडे जावेच लागतात. 8 दिवस उशीर झाला तर चालतं, 8 दिवस आधी मात्र आम्ही परत पाठवतो आणि आया रागावतात. तुम्ही एकच पाहायचं : आज दिलेल्या लसीपुढं आजची तारीख पडली का, आणि पुढची तारीख लिहून दिली का. कार्डाचा अर्धा भाग आमच्याकडं राहतो, पण तुमचं तुमच्याजवळ हवं.

डावी मांडीच का सुजली? पेंटा कायम डाव्या मांडीत देतो, न्यूमोकोकल उजव्या. जागा ठरलेल्या असतात, त्यामुळं कशानं सुजलं ते कळतं. पेंटात डांग्या खोकल्याचा जो भाग आहे, त्यात मारलेले अख्खे जंतू असतात. ताप, चिडचिड, मांडी दुखणं बहुतेक त्याचंच. त्याच संध्याकाळी येतं आणि दोन दिवसांत जातं. तिसऱ्या दिवशीही ताप असेल तर लसीवर ढकलू नका, लेकरू दाखवा.

बाप्पू_लातूर
मला ट्रॅक्टरच्या पात्यानं कापलं तेव्हा धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलं, हात आठ दिवस वर होईना. लेकराला तर दोन मांड्या! मोठ्या माणसानं काय लावावं दंडाला?

मीठभाकर
बाप्पू, धागा लेकरांचा आहे हो :) पण ओली पट्टी चालेल तुम्हालाही.

नानीची पोथी, परभणी
आम्ही पाच लेकरं अन् सात नातवंडं टोचून आणलीत. सुई झाली की लगेच पदराखाली घ्यायचं, निम्मं रडणं तिथंच थांबतं. मांडीवर हळद-तेल कोमट करून चोळायचं. पोलिओचे थेंब पाजले तर मात्र अर्धा तास दूध द्यायचं नाही, थेंब धुऊन जातात. अन् ताप आला म्हणजे डोस लागू पडला समजायचं.

निवृत्त सिस्टर
नानी, पदराखाली घ्यायचं सोळा आणे खरं. मी तर म्हणायचे, सुईच्या आधीच पाजायला घ्या आणि टोचतानाही पाजत राहा. पण अर्ध्या तासाची अट आता नाही, पोलिओनंतर लगेच अंगावर पाजलं तरी चालतं. चोळायचं तर मुळीच नाही. चोळल्यानं सूज वाढते, आणि सुईच्या जागी हळद-तेल भरलं तर पिकायची भीती. गार पाण्यात भिजवून पिळलेलं स्वच्छ फडकं ठेवा, बस. आत वाटाण्याएवढी गाठ महिनाभर राहिली आणि दुखत नसली तर विसरून जा. लाली पसरत गेली, गरम लागलं, पू दिसला तर दाखवा. ताप आला नाही म्हणून डोस वाया गेला असंही नसतं. माझ्याच दोन नातवांत एक तापला, एक रात्रभर झोपला.

नानीची पोथी
हळद आम्ही लावणारच. बरं, चोळणार नाही.

धाकटा मास्तर, निलंगा
आमच्या घरची गोष्ट लिहितो, कारण ती कोणाच्याही घरी होऊ शकते. पोरगी 14 आठवड्यांची, जन्मतः लहान होती, वजन बरोबर 5 किलो. रात्री काखेत थर्मामीटर लावलं तर 101. वडील मेडिकलवरून पॅरासिटामॉल घेऊन आले. वहिनी म्हणाली, आमच्या बंटीला 3 मिली द्यायचो, तेवढंच द्या. पोरीच्या आईनं पिचकारी भरायला घेतली आणि मला म्हणाली, बाटली एवढी इवलीशी कशी?

लेबल वाचलं. बंटीचं होतं सिरप, 5 मिलीत 125 मिग्रॅ. हे होते ड्रॉप्स, 1 मिलीत 100 मिग्रॅ. म्हणजे चौपट घट्ट. डॉक्टरांना फोन केला. त्यांनी किलोला 15 मिग्रॅ धरून 75 मिग्रॅ सांगितलं. बंटीच्या सिरपमधून ते 3 मिलीच होतं, ड्रॉप्समधून मात्र पाऊण मिली. आम्ही 3 मिली दिलं असतं तर 300 मिग्रॅ पोटात. दुकानदारानं काही सांगितलं नव्हतं आणि आम्हीही विचारलं नव्हतं. पुढचा डोस सहा तासांनी, तोही ताप असला तरच, आणि दिवसात चारपेक्षा जास्त नाही, असं डॉक्टर म्हणाले. मी बाटलीवर पेननं '0.75, वजन 5 किलो, ता. अमुक' लिहून ठेवलं. वजन वाढलं की तो आकडा खोडायचा.

चिंगीची_आई, नांदेड
आम्हाला एकानं सांगितलं, लस द्यायच्या आधीच पाजा, ताप येणारच नाही. द्यावं का?

निवृत्त सिस्टर
आधी नको, लागलं तर नंतर. आणि दीड महिन्याच्या बाळाला तर सिस्टरला किंवा डॉक्टरला विचारूनच. एक आणखी, एप्रिल-मे मध्ये आपल्याकडं पारा चाळिशीच्या वर आणि तापलेलं लेकरू कुंची, टोपरं, वर गोधडी! नुसत्या सुती झबल्यावर ठेवा, ताप निम्मा तिथंच उतरतो. तीन तासांहून जास्त न थांबता एका सुरात रडत असेल, झटके आले, ढिलं पडलं, दूध सोडलं, तर सकाळची वाट पाहू नका. लसीनंतर अर्धा तास केंद्रात बसवतात तेही उगाच नाही, गंभीर ॲलर्जी आली तर बहुतेक तेवढ्यातच दिसते.

कोयता_डायरी, बीड
आमची अडचण तापाची नाही, कार्डाची. दिवाळीनंतर कारखान्यावर गेलो, पोराचे 6 आणि 10 आठवड्यांचे डोस झालेले. कार्ड गावाकडं पेटीत राहिलं. तिकडं विचारलं तर पहिले कोणते झाले ते सांगता येईना. एप्रिलात परत आलो तेव्हा पोरगं नऊ महिन्यांचं. मला वाटलं आता पहिल्यापासून. सिस्टरनं तिसरा पेंटा तिथूनच पुढं दिला, त्याच दिवशी गोवर-रुबेलाही. गंमत म्हणजे पेंटाचा ताप त्याच रात्री आला आणि गेला. मग आठव्या दिवशी पुन्हा अंग गरम, छातीवर बारीक पुरळ. आम्ही घाबरलो. सिस्टर म्हणाली, गोवराच्या लसीचा ताप उशिरा येतो, सात ते दहा-बारा दिवसांनी.
आता कार्डाचा फोटो दोघांच्याही मोबाइलात आहे.

मीठभाकर
खाजगीत 'न दुखणारी' पेंटा मिळते, तापही कमी म्हणे. कोणी घेतलीय?

धाकटा मास्तर
धाकट्याला घेतली, ताप आला नाही. पण तिचं संरक्षण लवकर ओसरतं असं आमचे डॉक्टर म्हणतात, दुसरे म्हणतात फरक नाही. मला अजून ठरवता आलेलं नाही.

बाप्पू_लातूर
ओली पट्टी लावली. बरं वाटतंय.