लोशनच्या बाटलीवरील घटकांची यादी समजावून द्याल का? (संवेदनशील त्वचा)

निशिगंध:
चेहऱ्याच्या लोशनच्या बाटलीमागचा फोटो जोडत आहे. अक्षरे बारीक असल्याने यादी येथेही उतरवते: अ‍ॅक्वा, ग्लिसरिन, सिटेरिल अल्कोहोल, नियासिनामाइड, फिनॉक्सीइथेनॉल, परफ्युम, लिनालूल, लिमोनिन. माझे गाल नव्या क्रीमने चटकन लाल होतात. यातले काय त्रास देऊ शकेल, आणि चेहऱ्याला लावण्याआधी चाचणी कशी करावी?

घाटमाथा:
यादी प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने असते. येथे अल्कोहोल तिसरे आहे, म्हणजे ते भरपूर असणार आणि त्वचा कोरडी पाडणार. घेऊ नका.

मृद्गंधा:
क्रमाचे आपण म्हणता ते बरोबर आहे, परंतु सिटेरिल अल्कोहोल हा मेणासारखा स्निग्ध पदार्थ असून तो लोशनला दाटपणा आणि त्वचेला मऊपणा देतो. क्वचित कोणाला त्याचीही अ‍ॅलर्जी असते, पण कोरडेपणासाठी शंका घ्यायची ती ‘अल्कोहोल डिनॅट’ या नावाची. मला खटकतात ती शेवटची तीन नावे. फिनॉक्सीइथेनॉल हे लोशन टिकवणारे द्रव्य युरोपीय नियमांनुसार १ टक्क्यापर्यंतच वापरता येते, त्यामुळे त्याच्यानंतरचे घटक सहसा त्याहून कमीच असतात. मात्र अ‍ॅलर्जी असलेल्या त्वचेला सुगंधाचा अंशही पुरतो. लिनालूल आणि लिमोनिन यांचा हवेशी संयोग होऊन जे पदार्थ तयार होतात, ते अधिक त्रासदायक असतात, म्हणून उघडून बरेच महिने झालेली बाटली चाचणीलाही वापरू नये.

रानजाई:
मी कानामागे एकदा लावते आणि दुसऱ्या दिवशी काही दिसले नाही, तर वापरू लागते. केसांच्या रंगाने मात्र मला तिसऱ्या दिवशी कपाळाच्या कडेला खाज सुटली होती. तो रंग बदलावा का?

मृद्गंधा:
रंग पुन्हा लावण्यापूर्वी त्वचारोगतज्ज्ञांना अवश्य दाखवा. अ‍ॅलर्जी अशीच दोन-तीन दिवसांनी उमटते, म्हणून एका दिवसाची चाचणी अपुरी ठरते. निशिगंध, कोपराच्या आतल्या बाजूला नाण्याएवढ्या जागेवर, चेहऱ्याला लावता तितक्याच जाडीने, दिवसातून दोनदा, ७ ते १० दिवस लोशन लावा. त्या जागी स्टेरॉइडचे मलम लावू नका, कारण त्याने प्रतिक्रिया दबते. लावताच झालेली आणि धुतल्यावर शमणारी आग बहुधा नुसत्या दाहाची असते. उशिरा आलेली, वाढत जाणारी खाज, पुरळ किंवा बारीक फोड अ‍ॅलर्जी सुचवतात. यांपैकी काहीही झाले, तरी ती जागा धुऊन लोशन थांबवा. हाताला काही झाले नाही, तरी गालांची त्वचा अधिक नाजूक असल्याने सुरुवात जबड्याखाली थोड्या जागेवर करा.

निशिगंध:
नियासिनामाइड असलेले, सुगंधविरहित सीरम मला चालते. मग दोष सुगंधाचाच समजावा का?

मृद्गंधा:
संशय तिकडे अधिक जातो, पण त्या सीरममधले नियासिनामाइडचे प्रमाण कमी असू शकते, आणि ‘परफ्युम’ या एका नावाखाली अनेक द्रव्ये येत असल्याने नेमके कोणते, हे यादीवरून ठरत नाही. ते जाणायचे असेल, तर त्वचारोगतज्ज्ञ पाठीवर निरनिराळ्या द्रव्यांच्या पट्ट्या ४८ तास ठेवून, पुढेही काही दिवस पाहणी करतात.