मदत हवी आहे: व्याजदर उतरला, तरी माझा बँकेचा शेअर का पडला?

हिशेबनीस_नवा:
आजवर वाचत आलो की मध्यवर्ती बँकेनं दर कापला की शेअर वर जातात. म्हणून बैठकीच्या आदल्या आठवड्यात दोन शेअर घेतले, एक बँकेचा आणि एक कर्जात बुडालेल्या बांधकाम कंपनीचा. दर पाव टक्का उतरला. बांधकामवाला जागचा हलला नाही आणि बँकेचा ३ टक्के पडला. काय चुकलं? शिव्या चालतील, पण कारणासकट.

उंटावरून_शेळ्या:
सोपं आहे हो. दर वाढला की बँकेची चांदी, उतरला की तोटा. तुम्ही नेमकं उलटं केलंत.

मीनलताई:
माझ्या गृहकर्जाचा हप्ता अजून तेवढाच येतोय! बँकेत विचारलं तर म्हणाले, तुमचं कर्ज जुन्या पद्धतीचं आहे. अर्ज कुठे करायचा?

ट्रेझरीतला_माणूस:
मीनलताई, तुमचा प्रश्न वेगळा आहे, पण इथलं उत्तर त्यातच दडलंय. तुमचा हप्ता बदलला नाही, म्हणजे तुमच्यापुरतं बँकेचं उत्पन्नही घटलं नाही. ज्यांची कर्जं थेट धोरण दराला बांधलेली असतात, त्यांचं व्याज लवकर उतरतं. ठेवीदाराला मात्र कबूल केलेला दर मुदत संपेपर्यंत द्यावाच लागतो. मधले काही महिने बँक कात्रीत सापडते.

आकडे धरून बघा. बँकेनं १०० कर्ज दिलंय, त्यातलं ६० दराला बांधलेलं. दर अर्धा टक्का उतरला, तर वर्षाचं ०.३० उत्पन्न गेलं. मुदत ठेवी ५० आहेत, पण सहा महिन्यांत त्यातल्या १२ च नव्या दरावर येतात, म्हणजे वाचतात फक्त ०.०६. बचत खात्यावर आधीच इतकं कमी व्याज असतं की तिथे कापायला फारसं उरत नाही. तूट ०.२४. वर्षाचा करपूर्व नफा १.५ असेल, तर त्या वेगानं सोळा टक्के गेले. पुढे ठेवी नव्या दरावर येत गेल्या की ही तूट भरत जाते. बाजार पुढच्या दोन-तीन तिमाह्यांना घाबरतो, एवढंच.

आणि शेळ्याभाऊ, दर वाढला की चांदी हे अर्धंच खरं. सिलिकॉन व्हॅली बँक मार्च २०२३ मध्ये दर वाढल्यामुळेच बुडाली. पैसा लांब मुदतीच्या रोख्यांत अडकला होता, दर चढले तशी त्यांची किंमत पडली, आणि ठेवीदार पैसे काढायला लागल्यावर ते रोखे तोट्यात विकावे लागले.

उंटावरून_शेळ्या:
तो अपवाद म्हणायचा! बरं, बांधकामवाल्याचं काय? त्याचं व्याज तर वाचायला हवं.

ट्रेझरीतला_माणूस:
वाचेल, पण किती आणि कधी ते बघा. व्याजापूर्वीचा नफा १००, कर्ज ८५० दहा टक्क्यांनी, म्हणजे व्याज ८५ आणि हातात १५. पाव टक्का उतरला तर वाचले सुमारे २.१, म्हणजे नफ्यात १४ टक्के वाढ. ऐकायला छान. पण मागणी मंदावून व्याजापूर्वीचा नफा १०० चा ९७ झाला, की वाचलेलं सगळं गेलं आणि वर सुमारे ०.९ चा खड्डा. अशा कंपनीत मी आधी मागणी बघतो, मग दर. शिवाय कर्ज ठरलेल्या दराच्या रोख्यांचं असेल, तर ते फिटेपर्यंत हे २.१ही हाती येत नाहीत.

हिशेबनीस_नवा:
आणि मूल्यांकनाचं काय? दर उतरला की भविष्यातल्या नफ्याची आजची किंमत वाढते ना?

ट्रेझरीतला_माणूस:
वाढते, बाकी सगळं तसंच राहिलं तर. गुंतवणूकदाराला १२ टक्के परतावा हवा आणि नफा वर्षाला ६ टक्क्यांनी वाढतोय, तर किंमत काढायला नफ्याला भागायचं दोन्हींतल्या फरकानं, म्हणजे ६ नं. हवा असलेला परतावा साडेअकरावर आला तर साडेपाचनं, म्हणजे किंमत नऊ टक्के वर. पण दर कापला तो वाढ खुंटतेय म्हणून, असं बाजारानं वाचलं आणि ६ ची साडेपाच केली, तर भाजक पुन्हा ६ च! त्यात पाव टक्का सगळ्यांनी आधीच धरलेला असला, तर बातमीत नवं काहीच नाही.

तुमच्या बँकेची किती कर्जं दराला बांधलेली आहेत ते वार्षिक अहवालात बघितलंत का?

हिशेबनीस_नवा:
आत्ता बघितलं. जेमतेम एक तृतीयांश. बाकी वाहनकर्जं, ठरलेल्या दराची. म्हणजे तुमची कात्री इथे फारशी लागू नाही?

ट्रेझरीतला_माणूस:
नाही. उलट तिला फायदा व्हायला हवा होता. त्या दिवशी १० वर्षांच्या सरकारी रोख्याचा परतावा कुठे गेला?

हिशेबनीस_नवा:
दर कापूनही थोडा वर चढला होता.

ट्रेझरीतला_माणूस:
म्हणजे पुढे आणखी कपात नाही असं बाजारानं ऐकलं, आणि बँकेकडचे रोखे थोडे उतरले. पण तेवढ्यानं ३ टक्के पडेल हे मला पटत नाही. वाहनकर्जांची थकबाकी गेल्या तिमाहीत किती होती?

मीनलताई:
अहो, माझ्या अर्जाचं कुणी सांगेल का?