शब्दचर्चा : पोस्टरवर ‘निष्कर्ष’ लिहावा की ‘तात्पर्य’?

सावनी_प
नमस्कार मंडळी. सार्वजनिक आरोग्याच्या अभ्यासक्रमात आम्हाला एक गाजलेला शोधनिबंध घेऊन त्याचं मराठी पोस्टर परिषदेत लावायचं आहे. मी अभय बंग, राणी बंग आणि सहकाऱ्यांचा 1999 साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेला गडचिरोलीचा निबंध घेतलाय. गावातल्याच प्रशिक्षित बाईने घरी जाऊन नवजात बाळाची काळजी घ्यायची आणि जंतुसंसर्ग झाला तर उपचारही करायचे, असा तो प्रयोग. निबंधाच्या शेवटच्या निष्कर्षाचं मी केलेलं मराठी असं आहे:

“जंतुसंसर्गाच्या उपचारासह घरी दिलेली नवजात-काळजी स्वीकारार्ह व व्यवहार्य असून, कुपोषित, निरक्षर ग्रामीण लोकसंख्येतील बालमृत्यूंचे प्रमाण तिने जवळजवळ 50 टक्क्यांनी घटवले. ही पद्धत विकसनशील देशांतील नवजात मृत्यू बऱ्याच प्रमाणात कमी करू शकेल.”

पोस्टरच्या मध्यभागी मोठ्या अक्षरांत एकच गोष्ट हवी, असं मॅडमनी बजावलंय. त्या चौकटीला नाव काय द्यावं? निष्कर्ष, सार, तात्पर्य, इत्यर्थ? आणि वरच्या मजकुरातलं ठेवू काय?

गोदाकाठ
सावनी, नाव आणि मजकूर हे दोन प्रश्न वेगळे नाहीत. ‘सार’ लिहिलंत की सगळंच थोडंथोडं कोंबायचा मोह होतो, कारण सार म्हणजे सगळ्याचं आटवलेलं रूप. ‘तात्पर्य’ म्हटलं की शाळेतल्या गोष्टीखालचा उपदेश आठवतो, म्हणजे ‘असं वागा’. ‘इत्यर्थ’ बोलण्यात शोभतो, लांबलेलं बोलणं आवरताना. निष्कर्ष तेवढा पुराव्यातून निघतो, म्हणून मी तोच शब्द घेईन. तोही छोट्या अक्षरांत. 2019 पासून माइक मॉरिसन यांची जी पोस्टरची मांडणी फिरते आहे, तिच्यात मधलं वाक्यच शीर्षकाचं काम करतं. बाजूला पद्धत आणि आकडे, कोपऱ्यात निबंधाचा क्यूआर कोड. लोक चालता चालता वाचतात, थांबून वाचणारे थोडे.

आता मजकूर. तुमच्या दोन वाक्यांत चार विधानं आहेत: लोकांनी ही पद्धत स्वीकारली, ती राबवता आली, मृत्यू घटले, इतर देशांतही घटू शकतील. पोस्टरवर तिसरंच राहील. पहिली दोन त्याच्या पोटात येतात. 93 टक्के नवजात बाळांपर्यंत ही काळजी पोचली, हे बाजूच्या रकान्यात लिहिलंत की स्वीकारलं का, जमलं का, दोन्हींचं उत्तर मिळतं. चौथं विधान लेखकांची अपेक्षा आहे, त्यांनी मोजलेली गोष्ट नाही. ते पोस्टरपाशी उभं राहून तोंडी सांगा.

चंद्रपूरकर
सावनीताई, आधी एक शब्द बदला. ‘बालमृत्यू’ इथे चालणार नाही. पहिल्या 28 दिवसांतला मृत्यू म्हणजे नवजात मृत्यू, पहिल्या वर्षातला अर्भकमृत्यू, आणि बालमृत्यू म्हटलं की पाच वर्षांपर्यंतची मुलं आली. पेपरवाले तिन्हीला बालमृत्यूच म्हणतात, पण परिषदेत आरोग्य खात्याची माणसं येतील, ती पहिल्यांदा तिथंच बोट ठेवतील. निबंधात नवजात आणि अर्भक दोन्ही आहेत. एकच गोष्ट सांगायची तर नवजात घ्या, सगळा प्रयोग त्यासाठीच होता.

दुसरं, ‘ग्रामीण आरोग्य कार्यकर्ती’ असलं काही लिहू नका. आमच्याकडे त्यांना आरोग्यदूत म्हणतात. माझी मावशी शेजारच्या तालुक्यात आशा आहे. तिला ‘कार्यकर्ती’ म्हटलं की राजकीय पक्षाचं वाटतं.

अक्षरवेडा
छान विषय! मी जाहिरातीत कॉपी लिहितो, म्हणून एक ओळ सुचवतो: “गावातल्या बाईने वाचवली 62 टक्के बाळं!” निबंधात 62 टक्के आहे ना? मग 50 कशाला लिहायचं? मोठा आकडा, छोटं वाक्य, ‘व’ आणि ‘असून’ला रजा. ‘घटवले’पेक्षा ‘वाचवली’ला जीव आहे.

गोदाकाठ
अक्षरवेडा, ‘व’ आणि ‘असून’बद्दल शंभर टक्के सहमत. कर्ता पुढे आणला हेही उत्तम. पण ‘62 टक्के बाळं वाचवली’ म्हणजे शंभर जन्मांतली 62 वाचवली, असा अर्थ होतो. तसं कुठेच घडलेलं नाही.

इथे 62 हा आकडा दोनदा येतो, आणि गोंधळ त्यातूनच होतो. प्रयोगाच्या 39 गावांत आधी हजार जिवंत जन्मांमागे 62 नवजात दगावत होते. 1997-98 मध्ये, म्हणजे तिसऱ्या वर्षी, ते 25.5 वर आले. ही घट सुमारे 59 टक्के. त्याच काळात तुलनेच्या 47 गावांत दर 57.7 वरून 59.6 वर गेला, म्हणजे सुमारे 3 टक्क्यांनी वाढला. तुलनेच्या गावांत जे झालं ते प्रयोगाच्या गावांतही झालं असतं, असं धरून दोन्ही मिळून निव्वळ घट 62.2 टक्के. पहिला 62 मृत्यूंचा दर आहे, दुसरा घटीची टक्केवारी. योगायोगाने आकडा एकच. पोस्टरवर नुसतं ‘62’ मोठ्या अक्षरांत आलं तर निम्मे लोक एक समजतील, निम्मे दुसरं.

म्हणून माझा आग्रह, मधल्या वाक्यात टक्के नकोतच. ‘हजार बाळांमागे 62 वरून 25.5’ हे डोळ्यांसमोर उभं राहतं, टक्क्यांचा हिशेब मात्र मनातल्या मनात उलगडावा लागतो.

अक्षरवेडा
हजारी दर आहे हे माझ्या लक्षात नव्हतं, पटलं. मग हे कसं: “आरोग्यदूत घरी आली, नवजात मृत्यू निम्म्याहून कमी झाले.”

शेतीभाती
जरा वेगळं विचारतो. माझं पोस्टर सोयाबीनच्या दोन पेरणी-अंतरांवर होतं, कृषी विद्यापीठातल्या परिषदेत. उत्पन्नात फरक आला नाही. मी मोठ्या अक्षरांत लिहिलं, “उत्पन्नात लक्षणीय फरक नाही”. एक शेतकरी येऊन म्हणाला, “म्हणजे थोडा फरक आहे, पण तुम्ही लपवताय.” ‘लक्षणीय’ला दुसरा शब्द आहे का? माझ्या अशा पोस्टरला निष्कर्ष तरी असतो का?

गोदाकाठ
शेतीभाती, तो शेतकरी मराठी बरोबर वाचत होता. बोलण्यात लक्षणीय म्हणजे नजरेत भरण्याइतका मोठा. संख्याशास्त्रात तो शब्द फरकाच्या आकाराबद्दल बोलतच नाही. एवढा फरक निव्वळ योगायोगाने दिसू शकतो का, एवढंच तो सांगतो. पाठ्यपुस्तकांत ‘सार्थ’ही सापडेल, पण पोस्टरसमोर उभ्या राहणाऱ्याला तो शब्दही काही सांगत नाही. मी शब्दच टाळीन आणि मोजलेलं लिहीन: दोन्ही अंतरांवर हेक्टरी किती क्विंटल आलं, आणि त्याच अंतराच्या वेगवेगळ्या वाफ्यांत आपसात किती तफावत होती. वाफ्यांची तफावत जास्त असेल तर वाचणारा आपणच समजतो.

आणि ‘फरक नाही’ व ‘फरक आढळला नाही’ यांतलं अंतर सोडू नका. पहिलं शेताबद्दल बोलतं, दुसरं तुमच्या प्रयोगाबद्दल. वाफे थोडे असतील तर दुसरंच खरं. तोही निष्कर्षच, आणि पोस्टरला पुरतो.

सावनी_प
सर, मी ‘निम्म्याहून कमी झाले’ घेणारच होते, पण रूममेटने वाचून विचारलं, “म्हणजे निम्मेही कमी झाले नाहीत?”

चंद्रपूरकर
बरोबर विचारलं तिने! ‘निम्म्याहून कमी झाले’ दोन्हीकडे वळतं: मृत्यू निम्म्याच्या खाली उतरले, किंवा घट निम्म्यापेक्षा कमी. ‘निम्म्याने कमी’ म्हटलं तर नेमकी अर्धी घट. तुमच्या बाबतीत 62 चा निम्मा 31, आणि दर आला 25.5 वर. तेव्हा ‘निम्म्याहूनही खाली आले’ म्हणा. ‘खाली आले’ म्हटलं की अर्थ एकाच बाजूला जातो.

अक्षरवेडा
मान्य. मग: “आरोग्यदूतांच्या घरभेटींमुळे नवजात मृत्यू निम्म्याहूनही खाली आले.”

गोदाकाठ
‘मुळे’ला माझा विरोध आहे. कुठल्या गावात प्रयोग करायचा हे चिठ्ठ्या टाकून ठरलेलं नव्हतं, तेव्हा घटीला दुसरंही काही कारण असू शकतं. शिवाय घरभेट हा एक उपाय नाही, तो गठ्ठा आहे: जन्मल्याबरोबर श्वास न घेणाऱ्या बाळाला मदत, ऊब, कमी वजनाच्या बाळावर लक्ष, आईला आरोग्यशिक्षण, आणि जंतुसंसर्ग झाला तर जेन्टामायसिनचं इंजेक्शन. ‘घरभेटींमुळे’ लिहिलं की नुसतं जाऊन आलं तरी पुरतं असं वाटतं. ‘जिथे आरोग्यदूतांनी हे केलं, तिथे मृत्यू घटले’ एवढं म्हणणं सुरक्षित.

चंद्रपूरकर
गठ्ठ्याचं पटलं, ‘मुळे’चं नाही. गोदाकाठजी, तुलनेची गावं त्याच जिल्ह्यातली, त्याच काळातली, आणि तिथे दर खाली आलाच नाही. वर जंतुसंसर्ग झालेल्या बाळांचा हिशेब पाहा: उपचार सुरू होण्याआधी 163 पैकी 16.6 टक्के दगावली, नंतर 71 पैकी 2.8 टक्के. मग दुसरं कारण कुठून आणायचं? लेखकांनी स्वतः ‘या काळजीने मृत्यू घटवले’ असं लिहिलंय. पोस्टर करणाऱ्याने त्यांच्यापेक्षा मवाळ का लिहावं? ‘जिथे-तिथे’ वाचून एखादा अधिकारी म्हणेल, योगायोग असेल.

गोदाकाठ
163 आणि 71 ही आधीची आणि नंतरची बाळं आहेत. त्यांची तुलनाही चिठ्ठ्या टाकून झालेली नाही. लेखकांनी ते धाडस पूर्ण निबंधाच्या जोरावर केलं, त्यांच्या वाक्यामागे सात पानं उभी आहेत. पोस्टरवरच्या वाक्यामागे काहीच नसतं, वाचणारा एवढंच घेऊन जातो. तरी तुमचा मुद्दा हलका नाही. पुरावा वजनदार आहे हे मीही मानतो.

शेतीभाती
आमच्याकडे ‘नियंत्रण वाफा’ म्हणतात. सावनीताई ‘नियंत्रण गावं’ लिहिणार का? वाचून तिथे पोलीस बंदोबस्त होता असं वाटेल लोकांना.

सावनी_प
नाही, ‘तुलनेची गावं’च. आता मध्ये हे ठेवतेय:

“आरोग्यदूतांनी नवजात बाळांची घरी काळजी घेतली, जंतुसंसर्गावर उपचार केले. त्या गावांत नवजात मृत्यू तीन वर्षांत निम्म्याहूनही खाली आले.”

खाली दोनच स्तंभांच्या जोड्या: प्रयोगाची 39 गावं, 62 वरून 25.5, तुलनेची 47 गावं, 57.7 वरून 59.6. आडव्या अक्षावर वर्षं, उभ्यावर ‘दर हजार जिवंत जन्मांमागे’. ‘मुळे’ सध्या नाही. तो मॅडमना विचारते.

मूळ निष्कर्षात ‘जवळजवळ 50 टक्के’ आहे आणि माझं वाक्य निम्म्याहूनही खाली म्हणतंय. कुणी विचारलं तर?

गोदाकाठ
तिथे त्यांनी नवजात आणि अर्भक दोन्ही एका दमात सांगितले आहेत, आणि अर्भकांची निव्वळ घट 45.7 टक्के होती. तुम्ही फक्त नवजात घेतले आणि तिसरं वर्ष घेतलं. पहिल्या वर्षी निव्वळ घट 25.7 टक्केच होती, दुसऱ्या वर्षी 48.2. तेव्हा ‘तीन वर्षांत’ऐवजी ‘तिसऱ्या वर्षी’ लिहा. ‘तीन वर्षांत’ म्हटलं की तिन्ही वर्षांची मिळून सरासरी वाटू शकते.

सावनी_प
‘तिसऱ्या वर्षी’ केलं. वाक्य चार ओळींत बसतंय, अक्षरं आणखी मोठी करता येतील.

अक्षरवेडा
‘जंतुसंसर्गावर उपचार केले’ काढलंत तर तीनच ओळी होतील.

चंद्रपूरकर
ते काढू नका. एवढ्याशा बाळाला गावातली बाई इंजेक्शन देते, यावरच तर सगळ्यांचा आक्षेप होता.