निफाडला डिसेंबरात लॉन्सवर लग्न, पैठणीच्या आत काय घालू?

करवली_ठाणेकर
मामेबहिणीचं लग्न डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात, निफाडजवळच्या लॉन्सवर. गोरज मुहूर्त, मग रिसेप्शन, निघायला अकरा वाजणार. मी करवली. मंगलाष्टकं संपेपर्यंत हातात करा, म्हणजे शाल सावरायलाही हात मोकळा नाही. आईची सहावारी पैठणी नेसणार, ब्लाउज बिनबाह्यांचा शिवून झालाय. शालीत गुंडाळलेली आजीबाई फोटोत दिसायची नाही. बजेट दीड हजार.

केशरकाडी
श्रीनगरहून आणलेली पश्मिना घे. माझी अठरा हजारांची, अंगठीतून आरपार जाते.

करवली_ठाणेकर
ताई, दीड हजार. शाल नको असंही लिहिलंय.

बर्फातली_मराठी
टोरांटोत आम्ही उणे वीसमध्ये संक्रांत करतो, तुमची कसली थंडी! हात गरम करायच्या पुड्या मिळतात, त्या ब्लाउजमध्ये खोच. रात्रभर ऊब.

द्राक्षबागायतदार
पेपरात निफाडचा पाच-सहा अंशांचा आकडा येतो तो पहाटेचा. रात्री नऊ-दहाला साधारण बारा-चौदा असतं, त्यामुळे लगेच घाबरू नकोस. खरा त्रास पायांना होतो. आभाळ स्वच्छ असलं की दव लवकर पडतं, लॉन ओलं होतं आणि चपलेतून गारवा वर चढतो. टोकदार टाचा तर मातीत रुततातच. बंद मोजडी घे, आत अंगठा वेगळा असलेले लोकरी मोजे. साडीच्या काठाखाली कोणाला दिसत नाहीत.

गुलाबी_गारवा
मोज्यांना +१. आतून सुती बनियन घाल, सुतासारखी ऊब कशात नाही.

सुईदोरा
गुलाबी, उभं राहायचं असेल तर सुती चालेल. पण ही वरातीत नाचणार, घाम येणार. सुती कापड घाम धरून ठेवतं आणि नाच थांबला की तेच ओलं कापड पाठ गार करतं. पातळ लोकरी किंवा थर्मल बरं.

करवली, बारा वर्षं ब्लाउज शिवतेय म्हणून सांगते. थर्मल आधी अंगात घाल, मग ब्लाउजचं माप दे. आधी शिवलेल्या ब्लाउजखाली थर्मल कोंबलं की हूक तटतटतात, श्वास अडकतो. शिलाईत माया ठेवली असेल तर दोन्ही बाजूंनी पाव-पाव इंच सोडवून घे. थर्मलचा गळा ब्लाउजच्या गळ्यापेक्षा इंचभर खोल कापून दुमडून टीप मार, म्हणजे डोकावणार नाही.

आणि वारा परकराखालून शिरतो. आत थर्मल लेगिंग हवीच. वर परकर ठेव, नाहीतर पैठणीच्या वजनाने लेगिंगचं इलॅस्टिक खाली घसरतं. माझ्या एका गिऱ्हाइकाच्या निऱ्या ऐन सप्तपदीत सुटल्या.

नवरदेव_२६
मला शेरवानीत उकडतं. अस्तर काढून टाकू का?

सुईदोरा
वेगळा धागा काढा हो.

करवली_ठाणेकर
त्या गरम पुड्यांचं काय? दोन मागवल्या, एक फोडून ब्लाउजमध्ये ठेवली तर कोमटसुद्धा झाली नाही. फसवणूक!

द्राक्षबागायतदार
फसवणूक नाही. आत लोखंडाचा भुगा असतो. त्याला हवा लागली की तो गंजतो आणि त्यातून उष्णता निघते. घट्ट ब्लाउजमध्ये हवाच मिळत नाही. बाहेर काढून हलव, मग बटव्यात ठेव. थेट कातडीला तासन्‌तास लावू नकोस, हळूहळू भाजतं आणि कळत नाही.

बर्फातली_मराठी
मी जाकिटाच्या खिशात ठेवते, म्हणून चालत असेल.

केशरकाडी
शेकोटी असतेच की तिथे! तिच्याजवळ उभी राहा.

द्राक्षबागायतदार
ठिणगी उडाली तर आईच्या पैठणीला भोक पडेल. जॉर्जेट-नायलॉनवाल्यांनी तर फिरकूच नये, ते वितळून अंगाला चिकटतं. (अवांतर: आम्हीही थंडीत बागेत रात्री शेकोट्या पेटवतो, नाहीतर मणी तडकतात. सर्दी झालेला पाहुणा बरा होतो, तडकलेला मणी नाही.)

गुलाबी_गारवा
मी तर म्हणते नऊवारीच नेस. काष्ट्यात लेगिंग छान बसते, परकराची भानगडच नाही.

करवली_ठाणेकर
सगळ्यांचे आभार. ठरलं: थर्मल लेगिंग आणि मोजे घेतले, एकूण अकराशे. दंड उघडेच राहणार, वरून थर्मल नाही, ब्लाउज उसवायचाही नाही. मंगलाष्टकांपुरतं कुडकुडेन, नंतर दादाचा कोट त्याच्या अंगावरून उतरवते. त्याला अजून सांगितलं नाहीये.

सुईदोरा
दादाच्या कोटाखाली पैठणी. आजीबाई बरी होती गं.