रबरवाली पायपुसणी मशीनमध्ये: फेकून द्या म्हणे!

हर्षद_पुणे (मूळ पोस्ट): रबराची पाठ असलेली पायपुसणी मशीनमध्ये टाकूच नका. एका धुण्यात भुगा होतो. स्वस्तात मिळतात, मळली की फेका, नवी आणा.

रेवती_ठाणे: डोकंच फिरलं हे वाचून. भुगा मशीनमुळे होत नाही हो, गरम पाण्याने आणि ब्लीचने होतो. स्वस्त पायपुसण्याच्या पाठीला लेटेक्सचा पातळ थर असतो, त्यात खडूची पावडर भरपूर घातलेली, त्यामुळे उष्णता लागत गेली की त्याचा लवचिकपणा जातो आणि ते तडकतं. फ्रंट लोडला नेहमीचं कॉटन लावलं तर बऱ्याच मशीन आपणहून 40 किंवा 60 डिग्री धरतात, तो आकडा बघतं कोण? मी आधी पाठीवरून अंगठा दाबून फिरवते. पांढरी पूड आली किंवा चिकट लागलं, तर ते पायपुसणं मशीनमध्ये जात नाही, बादलीतच धुते. पाठ शाबूत असेल तर झटकून केस-माती काढायची, थंड पाणी, डेलिकेट, लिक्विड नेहमीच्या निम्मं, स्पिन 400, आणि सोबत दोन जुने टॉवेल म्हणजे वजन एका बाजूला जात नाही. सॉफ्टनर अजिबात नको.

रिपेअरवाला_नाशिक: ताई बरोबर बोलतायत पण टॉप लोडवाल्यांनी ऐका. रबराखाली पाणी अडकतं, स्पिनमध्ये ते बाहेर पडत नाही आणि ड्रम आपटायला लागतो. वॉटरप्रूफ वस्तू स्पिन करू नका असं बऱ्याच मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं, कोणी वाचत नाही. टॉप लोडला स्पिन बंद ठेवा, बाहेर काढून पाणी निथळू द्या. एका घरी गेलो होतो, फ्रंट लोड, पाणी जाईना, आतून पंपाची नुसती घरघर. खालचं झाकण उघडून फिल्टर फिरवला तर केस आणि राखाडी भुग्याचा घट्ट गोळा. लोक म्हणे पंप गेला, नवा बसवा. पंपाला काही झालं नव्हतं, गोळा काढला आणि मशीन चालू. पायपुसणी धुतली की फिल्टर आणि दाराच्या रबराची घडी बघायचीच, ओल्या बोटाला कण लागले तर पुढच्या वेळी ते पायपुसणं बादलीत.

शुभांगी_मिरज: थंड पाण्याने जंतू मरतात का? बाथरूमचं पायपुसणं आहे ते! मी गरम पाण्यात व्हिनेगर घालून भिजवते आणि कडक उन्हात टाकते. आमच्या आईने आयुष्यभर उन्हातच वाळवलं सगळं.

रेवती_ठाणे: आईच्या वेळी पायपुसणी जुन्या साडीची असायची, त्याला कुठलं रबर? कडक उन्हात रबराची बाजू वर करून टाकलंत तर तेच उन्ह पाठ तडकवतं. सावलीत, दांडीवर, वारा लागेल असं, कपड्याची बाजू वर.

शुभांगी_मिरज: म्हणजे आम्ही मूर्ख? सावलीत दोन दिवस ओलं राहिलं की वास येतो तो कोण घेणार? तुमच्या ठाण्यात पावसाळ्यात वाळतं का सावलीत?

गच्चीवाला_डोंबिवली: वाळवण्यावरून आठवलं, आमच्या सोसायटीने बाल्कनीच्या ग्रिलला काहीही लटकवायला बंदी केलीय आणि वरच्या मजल्यावरची पायपुसणी मात्र खुशाल टपकत असतात, पाणी थेट आमच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर. सेक्रेटरीला तीनदा सांगितलं. यावर बोला कोणीतरी.

सांगलीकर_काका: माझं नारळाच्या काथ्याचं आहे, त्याला थंड पाणी चालेल का?

रिपेअरवाला_नाशिक: काका, काथ्याचं मशीनमध्ये नको, धागे सुटून पंपात जातात. आपटून धूळ काढा आणि ब्रश मारा.

रेवती_ठाणे: शुभांगीताई, पावसाळ्यात वास येतो हे खरं आहे, मान्य. तेव्हा पंख्याखाली उभं टेकवा, घडी घालू नका, घडीच्या रेघेवर पाठ आधी फुटते. पण रोज गरम पाणी नि व्हिनेगर दिलंत तर पाठ लवकर जाणारच.

शुभांगी_मिरज: बरं, गरम पाणी सोडते. उन्ह नाही सोडणार. सकाळचं कोवळं उन्ह, कपड्याची बाजू वर. त्याने काय बिघडतं?

रिपेअरवाला_नाशिक: कोवळ्या उन्हात कपड्याची बाजू वर असेल तर चालत असेल, मला सांगता येणार नाही. दुपारी गच्चीवर राहिलेल्यांची पाठ मात्र बोटाने खरवडून निघते, ती मी पाहिलीय.

हर्षद_पुणे: एवढा उपद्व्याप एका पायपुसण्यासाठी? माझं पहिल्याच धुण्यात गेलं होतं.

रेवती_ठाणे: कुठल्या प्रोग्रामवर धुतलंत?

हर्षद_पुणे: कॉटन. आकडा बघितला नाही. ठीक आहे, नवं आणलंय त्याला थंड लावून बघतो. पण महिनाभरात पूड आली तर फोटो इथेच टाकीन.

गच्चीवाला_डोंबिवली: आणि माझ्या सेक्रेटरीचं काय?