मदत हवी आहे : कडबाकुट्टीची मोटर नुसती गुणगुणते, फिरत नाही

नमस्कार मंडळी. आमच्या कडबाकुट्टीची 2 एचपी सिंगल फेज मोटर बटण दाबलं की गुणगुणते, पण जागची हलत नाही. पट्टा काढून शाफ्ट हाताने फिरवला तर मोकळा फिरतो. दोरीने झटका दिला की मोटर वेग धरते आणि नीट चालते, म्हणजे रनिंग वाइंडिंग शाबूत असावं.

मेन स्विच बंद करून कपॅसिटर बल्बवर डिस्चार्ज केला आणि मीटरवर पाहिला. त्यावर 150-200 एमएफडी लिहिलंय, मीटर 168 दाखवतो. तो ठीक वाटतो.

मग स्टार्टिंग वाइंडिंगची कंटिन्युइटी बघितली. मोटर थांबलेली असताना सेंट्रिफ्युगल स्विच जोडलेला हवा, पण सर्किट उघडं येतं. पॉइंट पॉलिश पेपरने घासले, दोनच दिवस चालली. काल लक्षात आलं, शाफ्ट स्विचच्या बाजूला दाबून धरला की कंटिन्युइटी येते! गेल्याच महिन्यात बेअरिंगं बदलली होती, तेव्हापासून शाफ्ट पुढेमागे थोडा सरकतो.

बेअरिंगमागे फायबर वॉशर टाकून हा खेळ काढला तर चकती पॉइंटवर नीट दाबेल का, की स्प्रिंगच ढिली पडली असेल म्हणून स्विचचा सगळा सेट बदलावा? गुरांची वैरण खोळंबलीय, कृपया लवकर सांगा.