मदत हवी आहे: ‘मला वाचायला आवडत नाही’ म्हणणाऱ्या आठ वर्षांच्या मुलासाठी विनोदी चित्रमालिका

ऋतुजा_आई: लेक आठ वर्षांचा. पुस्तक पुढे केलं की त्याला लगेच तहान लागते. कार्टूनमधले संवाद मात्र तोंडपाठ. ‘विंपी किड’ आणलं, तर भराभर चित्रं बघून ‘झालं वाचून’ म्हणाला. सोपी पुस्तकं दिली की ‘ही बाळांची आहेत’. मराठी-इंग्रजी दोन्ही वाचू शकतो. काय द्यावं?

भटक्या७७: विंपी किडच चालू ठेवा. पानापानावर चित्र आहे, अजून काय हवं?

पानकिडा: चित्रं आहेत, पण गोष्ट मजकुरातून पुढे सरकते, त्यामुळे नुसती चित्रं बघणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. शिवाय त्यातला ग्रेग मिडल स्कूलमध्ये आहे, त्याच्या कटकटी आठ वर्षांच्या मुलाला परक्या वाटतात. वर्ष-दोन वर्षं थांबा.

आधी ‘बॅड गाइज’ बघा. लांडगा, साप, पिरान्हा आणि शार्क यांची टोळी चांगलं वागायला निघते आणि सगळा घोळ होतो. पानावर चार-दोन वाक्यंच, पण जाडी ‘मोठ्या मुलांच्या’ पुस्तकाची. त्यामुळे बाळांचं म्हणून नाक मुरडणार नाही.

मग ‘डॉग मॅन’. पोलिसाच्या धडावर कुत्र्याचं डोकं शिवलेला हिरो! त्यात मधे मधे ‘फ्लिप-ओ-रामा’ येतं: डाव्या हाताने पुस्तक धरायचं, उजवं पान भराभर पुढेमागे करायचं, की मारामारी हलताना दिसते. ‘ट्रीहाउस’ त्यानंतर. पहिलं घर १३ मजली, पुढच्या प्रत्येक पुस्तकात १३ मजले वाढतात; मजकूरही जरा जास्त.

सुलभा_के: माझी नात चार वर्षांची आहे, तिला प्राण्यांची पुस्तकं फार आवडतात. तीही चालतील का?

ऋतुजा_आई: काकू, तो चारचा नाही हो, आठचा 🙂 पानकिडा, कॉमिक्स म्हणजे वाचन झालं का पण? आणि तो खरंच वाचतोय हे कसं कळणार?

पानकिडा: झालं की. फुग्यातलं न वाचता विनोद कळतच नाही. तो हसला की कुठल्या चौकटीवर हसला ते बघा. चित्रात धडपड आहे म्हणून हसला तर काही सांगता येत नाही; चित्र साधं आणि गंमत फुग्यात असेल, तरी हसला तर वाचलंय. मराठीत हेच ‘चिंटू’वर करून बघा. तीन-चार चौकटी, विनोद बहुधा शेवटच्या फुग्यात.

भटक्या७७: डॉग मॅनमध्ये स्पेलिंगं चुकीची असतात म्हणे. मुलं तेच शिकतील.

पानकिडा: काही ठिकाणी आहेत, आणि मुद्दाम. ती कॉमिक्स जॉर्ज आणि हॅरल्ड या दोन पोरांनी काढली आहेत असं पुस्तकातच ठरवलंय. तेवढ्याने स्पेलिंग बिघडेल असं मला वाटत नाही, पण शिक्षक मंडळींचं मत वेगळं असू शकतं.

ऋतुजा, एक विचारायचं राहिलं. मोठ्याने वाचताना तो ओळ सोडतो का, की तीच ओळ पुन्हा वाचतो?

ऋतुजा_आई: ओळ सोडतो. बोट ठेवलं तर जमतं. मला वाटलं घाई करतो.

पानकिडा: घाईही असेल. तरी डोळे तपासून घ्या आणि वर्गशिक्षकांशी बोला. डॉग मॅनच्या लेखकाला, डेव्ह पिल्कीला, लहानपणी डिस्लेक्सिया होता. तुमच्या मुलाला तसंच असेल असं नाही, पण आवडत नाही आणि जमत नाही यात फरक आहे.

ऋतुजा_आई: तपासणीची वेळ घेते. तोवर बॅड गाइजचा पहिला भाग आणते. इंग्रजीच आणू की आधी चिंटू?